पहिल्यांदा आला असाल तर आधी हे वाचा: ऊस रोपं कोणती मिळतात, मागणी कशी द्यायची



आमची वाळवा तालुक्यात छोटी ऊस रोपवाटिका आहे. दोन हंगाम गावातल्या आणि पैपाहुण्यांच्या फोनवरच काम चाललं. आता लांबूनही विचारणा येते. रोज दहा-बारा मेसेज येतात आणि त्यातले निम्मे एका ओळीचे असतात, "ताई, ८६०३२ ची रोपं आहेत का, काय दर?" दर सांगायला मला दोन सेकंद लागतात, पण तेवढ्यानं तुमचं काम होत नाही. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून सगळ्यात वर ठेवलं आहे. सावकाश वाचा. वाचून झाल्यावर माझ्याकडं रोपं घ्यायची गरज नाही असं वाटलं तरी माझी काही हरकत नाही. तसं कुणाला वाटावं, तेही खाली लिहिलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ऊस रोप म्हणजे युरियाचं पोतं नाही, गोदामात ठेवलं आणि कधीही उचललं असं त्याचं नसतं. रोपाला वय असतं. साधारण तीस ते पंचेचाळीस दिवसांचं रोप रानात गेलं पाहिजे. त्याच्या आधी गेलं तर मुळांनी कोकोपीट धरलेलं नसतं, उपटताना गड्डा फुटतो आणि मूळ उघडं पडतं. पन्नास दिवसांच्या पुढं गेलं तर मुळं कपाच्या तळाशी गोल गोल फिरतात, खालची पानं पिवळी पडतात, आणि असं रोप रानात लावल्यावर बरेच दिवस नुसतं उभं राहतं. म्हणून माझ्याकडं मागणी देताना तुम्ही पहिली गोष्ट सांगायची ती लागणीची तारीख. रोपं किती पाहिजेत हे त्याच्यानंतर.

आता काय मिळतं ते.

आमच्याकडं दोनच जाती आहेत, को ८६०३२ आणि कोएम ०२६५. को म्हणजे कोइमतूर, तिथं संकर झालेली जात. आपल्याकडं को ८६०३२ ची शिफारस पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं १९९६ साली केली, तिलाच नीरा म्हणतात. आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू या तिन्ही हंगामांना ती चालते, खोडवाही चांगला येतो. बहुतेकांची मागणी तिचीच असते. कोएम ०२६५ म्हणजे आपण ज्याला फुले २६५ म्हणतो तो ऊस. नदीकाठच्या ज्या रानांना क्षार चढलाय, चोपण झालंय, तिथं तो ८६०३२ पेक्षा तग धरतो. टनेजही देतो, पण पक्व व्हायला उशीर लावतो. म्हणून २६५ मागणाऱ्याला मी आधी एकच सांगते, तुमच्या कारखान्याच्या शेतकी गट ऑफिसात जाऊन या जातीची नोंद कशी घेतात आणि तोड कधी देतात ते विचारून या. ऊस लावल्यावर हे विचारून उपयोग नाही.

इतर जातींची विचारणा होते. नव्या जातींची नावं ऐकून लोक फोन करतात. माझं उत्तर सरळ आहे, ज्या जातीचा बेणेमळा माझ्या स्वतःच्या रानात नाही त्या जातीचं रोप मी विकत नाही. बाहेरून कांडी आणून रोप करून देणं अवघड नाही. पण ती कांडी कुठल्या फडातली, किती महिन्यांची, लागणीची की खोडव्याची, हे मला छातीठोक सांगता येत नसेल तर तुम्हाला मी काय सांगणार?

हे मी ताणून का सांगते त्याला कारण आहे. रोपावरून जात ओळखता येत नाही. चार पानांचं रोप हातात घेऊन हे ८६०३२ च आहे असं कुणी म्हणत असेल तर तो अंदाज बांधतोय. कांडी धरल्यावर, रंग आल्यावर, डोळ्याचा आकार बघून जात कळते, आणि तोवर तुमचे पाच-सहा महिने गेलेले असतात. रोगाचंही तसंच. गवताळ वाढीचा रोग बेण्यातून येतो. ट्रेमध्ये रोप चांगलं हिरवं दिसतं. रानात गेल्यावर बुडातून गवतासारखे बारीक, पांढरट फुटवे निघतात आणि त्या बेटात गाळपाला जाण्याजोगा ऊसच होत नाही. काणीही बेण्यातून येते, शेंड्यातून काळा चाबूक निघाला की समजायचं. आमच्या भावकीतल्या एकांनी मागं लांबून कुठून तरी स्वस्तात रोपं आणली होती. एका सरीत दोन जाती निघाल्या आणि मधे मधे गवताळ बेटं. रोपं देणारा फोन उचलत नव्हता. एकरभर ऊस, पुढं त्याचाच खोडवा, म्हणजे दोन वर्षांचं उत्पन्न त्या एका दिवसाच्या खरेदीवर ठरलं.

म्हणून रोपवाटिका बघायला येणाऱ्याला मी आधी शेडनेटकडं नेत नाही, बेणेमळ्यात नेते. तुम्हीही कुठल्याही रोपवाटिकेत गेलात तर हेच करा. बेणं कुठून आणलं त्याची पावती मागा. आमचं मूळ बेणं संशोधन केंद्राकडून पावतीनं आणलेलं आहे आणि दर तीन वर्षांनी नवं आणायचं ठरलेलं आहे. बेणेमळा लागणीचाच असतो, खोडव्याचा डोळा मी वापरत नाही. महिन्यातून एकदा मी आणि सासूबाई सरी-सरीनं फिरतो. एखादं बेट गवताळ दिसलं, चाबूक दिसला, किंवा वेगळ्या रंगाचा ऊस दिसला की ते बेट मुळासकट काढून रानाबाहेर नेऊन जाळायचं. चाबूक काढताना त्यावर आधी पिशवी घालायची, नाहीतर काळी भुकटी वाऱ्यानं सगळ्या फडात जाते. दहा ते अकरा महिन्यांचा ऊस झाला की त्यातून डोळे काढायचे. त्यातही बुडाकडच्या दोन-तीन कांड्या सोडून द्यायच्या. तिथले डोळे जून झालेले असतात, उगवण कमी आणि उशिरा होते.

डोळा काढल्यापासून रोप होईपर्यंत काय होतं तेही थोडक्यात सांगते, म्हणजे वेळ कुठं जातो ते कळेल. डोळे काढायच्या हातयंत्रानं कांडीवरचा डोळा थोड्या गराबरोबर काढून घ्यायचा. मग बुरशीनाशक आणि कीटकनाशकाच्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटं बुडवायचा. तो सुकला की ॲसेटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास. हा क्रम उलटा करायचा नाही, नाहीतर बुरशीनाशकानं जिवाणू मरतात. नंतर ४२ कपांच्या ट्रेमध्ये भिजवलेलं कोकोपीट भरून डोळा वरच्या बाजूला येईल असा ठेवायचा आणि वर थोडं कोकोपीट टाकायचं. मग ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकनं गच्च झाकायचे. आत ऊब आणि ओल धरते. चार-पाच दिवसांत पांढरी मुळं आणि कोंब दिसायला लागला की ट्रे सुटे करून शेडनेटमध्ये मांडायचे. थंडीत याच कामाला आठ-आठ दिवस लागतात. शेवटचा आठवडा ट्रे नेटच्या बाहेर उन्हात काढायचे आणि पाणी जरा कमी करायचं, म्हणजे रोप रानातल्या उन्हाला तयार होतं. नेटमधून थेट रानात गेलेलं रोप दुपारी मान टाकतं.

आता हिशेब. किती रोपं लागतात हे विचारण्यापेक्षा स्वतःच काढा, सोपं आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सरीचं अंतर गुणिले दोन रोपांतलं अंतर, यानं भागायचं. पाच फुटी सरी आणि दोन फुटांवर रोप असेल तर एकरी ४,३५६ रोपं. साडेचार फुटी सरी असेल तर ४,८४०. चार फुटी असेल तर ५,४४५. त्यावर पाच टक्के जादा घ्या, नांग्या भरायला. नांगी भरायचं रोप त्याच वयाचं पाहिजे. महिनाभरानं दुसरीकडून आणून लावलेलं रोप शेजारच्या बेटाच्या सावलीतच राहतं.

मागच्या पूर्वहंगामी लागणीतली एक मागणी पूर्ण सांगते, म्हणजे सगळं एकत्र दिसेल.

कडेगाव बाजूचे एक आण्णा. सव्वा एकर रान, त्यात सोयाबीन उभं. त्यांचा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. म्हणाले, "ताई, सोयाबीन निघालं की ऊस लावायचाय. रोपं तयार आहेत न्हवं?"

मी म्हटलं, "आण्णा, तयार नाहीत, आणि तयार असती तरी तुम्हाला चालली नसती. सोयाबीन कधी निघणार?"

"दसऱ्याच्या पुढं-मागं निघंल."

"मळणी, नांगरट, शेणखत, सरी सोडणं, सगळं धरून रान कधी मोकळं होईल?"

त्यांनी बोटावर मोजलं असावं, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नोव्हेंबरच्या तीन-चार तारखेला धर."

झाली की तारीख ठरली. ३ नोव्हेंबर धरली आणि तिथून मागं मोजलं. ऑक्टोबरच्या हवेत रोपाला पस्तीस-सदतीस दिवस पुरतात, म्हणजे डोळे ट्रेमध्ये पडले पाहिजेत २७ सप्टेंबरला. त्याच्या आधी आठवडाभर मला कोकोपीट भिजवायला, माणसं सांगायला आणि बेणं तोडायला लागतो. म्हणजे २० सप्टेंबरच्या आत बुकिंग पक्कं.

रोपं किती? पाच फुटी सरी, दोन फुटांवर रोप. सव्वा एकराला ५,४४५. पाच टक्के नांग्यांसाठी २७० धरली, एकूण ५,७१५. आमच्याकडं शंभर डोळ्यांमागं पंच्याऐंशी-नव्वद रोपं देण्याजोगी होतात, बाकी उगवत नाहीत किंवा खुजी राहतात. म्हणून त्यांच्यासाठी ६,६०० डोळे काढले. ही तूट आमची, तिचे पैसे गिऱ्हाईकाकडून घेत नाही. शेवटी मोकळे कप काढून भरलेले ट्रे लावले तेव्हा १३७ ट्रे झाले. दर रोपाला २ रुपये २० पैसे, म्हणजे १२,५७३ रुपये. त्यातले ३,००० त्यांनी बुकिंगला पाठवले.

आता गंमत बघा. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस झाला. रानात वाफसा येईना. १ नोव्हेंबरला आण्णांचा फोन आला, "ताई, आठ-दहा दिवस थांबावं लागंल. पैसे बुडालं का माझं?"

बुडायचं काय त्यात. तारखा आधीपासून लिहून ठेवल्या होत्या म्हणून किती थांबता येतं हेही माहीत होतं. सदतीस दिवसांचं रोप सत्तेचाळीस दिवसांचं होणार होतं, म्हणजे पन्नासच्या आत. ट्रे पूर्ण उन्हात काढले, खत-फवारणी बंद केली, पाणी एकवेळ केलं आणि पानांचे शेंडे कात्रीनं छाटून घेतले. शेंडे छाटले की पाणी कमी उडतं आणि रोप उगाच उंच होत नाही. १३ नोव्हेंबरला रोपं गेली. तिथं पुन्हा पाऊस झाला असता आणि पन्नास दिवस ओलांडले असते तर ती रोपं मी दिली नसती. बुकिंगचे ३,००० मात्र त्यांना परत मिळाले नसते, कारण ६,६०० डोळे त्यांच्यासाठीच तोडलेले होते. हे मी त्यांना सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं आणि तुम्हालाही इथंच सांगते.

बुकिंगची रक्कम का घेते, असं काही जण रागानं विचारतात. पहिल्या हंगामात एकानं तोंडी आठ हजार रोपं सांगितली आणि ऐनवेळी दुसरीकडून घेतली. आठ हजार रोपं दहा दिवसांत विकायची कुणाला? वय उलटून गेल्यावर ती फुकटसुद्धा देऊ नयेत अशी होतात. अर्धा एकर बेणेमळा आम्ही कारखान्याला न घालता रोपांसाठी राखतो. त्यातला डोळा एकदा काढला की त्या कांडीचं टनेज गेलं. म्हणून एकूण रकमेच्या साधारण चौथा हिस्सा आधी. बाकीचे रोपं बघून, ट्रे टेम्पोत चढवताना. रोपं न बघता पूर्ण रक्कम कुणीही पाठवू नका, मलाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

बघायचं काय ते सांगते. कुठल्याही ट्रेतलं, मधल्या ओळीतलं एक रोप तुम्ही स्वतः निवडा आणि बुडाशी धरून हळू ओढा. कोकोपीटचा गड्डा मुळांसकट अखंड बाहेर आला पाहिजे. मुळं पांढरी पाहिजेत. तपकिरी, मऊ, वास येणारी मुळं म्हणजे पाणी जास्त झालंय. गड्डा निम्मा कपातच राहिला तर रोप कोवळं आहे. तळाला मुळांची चुंबळ झाली असेल तर जून आहे. पानं चार ते पाच, हिरवी. नुसती उंच, लुसलुशीत आणि वाकलेली रोपं दिसली तर ती सावलीतून बाहेर काढलेलीच नाहीत असं समजा. असे दहा ट्रेमधून दहा रोपं उपटा. मी तक्रार करणार नाही, ती दहा रोपं माझ्या हिशेबात.

वाहतूक. ट्रे एकावर एक रचून नेता येत नाहीत, रोपं मोडतात. टेम्पोत फळ्या मारून थर करावे लागतात. आण्णांचे १३७ ट्रे छोट्या हत्तीतून दोन खेपांत गेले. टेम्पो तुमचा असला तर फळ्यांची सोय करून या. आमचा पाहिजे असेल तर भाडं वेगळं, अंतरावर. खेप संध्याकाळी निघाली तर उत्तम. दुपारच्या उन्हात, वाऱ्याला उघडी रोपं तास-दोन तास गेली की पानं वाळतात, म्हणून वरून शेडनेट बांधायचं. ट्रे परत द्यायचे असतात, त्यासाठी अनामत घेतो, आठ दिवसांत धुऊन आणून दिले की ती परत.

रान आधी तयार पाहिजे. रोपं आली आणि सरी सोडायची राहिली असं करू नका. लागणीच्या आधी सरी ओली करून घ्या, गड्डा मातीत पूर्ण झाकेल इतकंच खोल लावा, बाजूची माती पायानं दाबा म्हणजे पोकळी राहत नाही, आणि लगेच पाणी द्या. शेंड्याच्या पोंग्यात माती जाऊ देऊ नका, रोप तिथूनच कुजतं. दहा-बारा दिवसांनी फिरून नांग्या भरा. चांगल्या लागणीत शंभरात दोन-तीन रोपं जातात. त्यापेक्षा खूप जास्त गेली तर मला फोटो पाठवा, जवळ असाल तर मी येऊन बघेन. सगळ्या रानात सारखी गेली असतील तर दोष रोपाचा असू शकतो आणि तेवढी रोपं मी बदलून देते. एका बाजूच्या सऱ्या गेल्या असतील तर बहुतेक पाणी साठलेलं असतं किंवा त्या भागाला पाणी पोचलेलं नसतं. हुमणी असेल तर रोप ओढल्यावर मुळं कुरतडलेली दिसतात. ते रोपवाटिकेच्या हातात नाही.

आता कुणी माझ्याकडून रोपं घेऊ नयेत तेही सांगते. ज्यांच्याकडं स्वतःचा निरोगी, दहा-अकरा महिन्यांचा लागणीचा ऊस आहे आणि लावायचं दहा-वीस गुंठे आहे, त्यांनी घरीच रोपं करावीत. ट्रे आणि कोकोपीट विकत मिळतं, वर लिहिलेलंच करायचं आहे. ज्यांच्या रानाला लागणीच्या दिवशी पाण्याची खात्री नाही, आठवड्यात एखाद्या रात्रीच मोटर चालते, त्यांनी टिपरीच लावलेली बरी. टिपरीत स्वतःचं अन्नपाणी असतं, ती चार दिवस कळ काढते. रोप काढत नाही. आणि ज्यांचं रान आजच मोकळं आहे, हंगामही सुरू झालाय, घरात चांगलं बेणं आहे, त्यांना रोपाची वाट बघत महिनाभर रान मोकळं ठेवण्यात फायदा नाही. रोपाचा खरा फायदा ज्यांच्या रानात दुसरं पीक उभं आहे त्यांना. सोयाबीन रानात असताना ऊस इकडं ट्रेमध्ये सव्वा महिन्याचा होतो. दुसरा फायदा बेण्याचा. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या लावायच्या तर एकरी दहा हजार टिपऱ्या लागतात, म्हणजे वीस हजार डोळे. रोपाला पाच हजारांत काम होतं. नवं, शुद्ध बेणं महाग असतं तेव्हा हा फरक मोठा.

बुकिंगच्या तारखा लक्षात ठेवा. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. आडसाली आणि पूर्वहंगामीसाठी तुमच्या लागणीच्या तारखेच्या पंचेचाळीस दिवस आधी बुकिंग करा. सुरूसाठी पंचावन्न दिवस आधी, कारण थंडीत उगवण हळू होते. जानेवारीच्या मध्याला लावायचं असेल तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मला कळलं पाहिजे. डिसेंबरच्या शेवटी फोन करून पंधरा दिवसांत रोपं मागितली तर नाही म्हणावं लागेल. कुणाची शिल्लक रोपं असतील तर त्यांचं खरं वय सांगून मगच देईन.

मागणीचा मेसेज असा पाठवा:

"को ८६०३२. सव्वा एकर. सरी पाच फूट, रोप दोन फूट. लागण ३ नोव्हेंबर. गाव अमुक, तालुका अमुक. रानापर्यंत टेम्पो जातो. पाणी ठिबकनं. आधीचं पीक सोयाबीन."

एवढं आलं की मी त्याच दिवशी रात्री उत्तर देते. दिवसा हात कोकोपीटात असतात, फोन उचलला जात नाही, राग मानू नका. उत्तरात चार गोष्टी येतील: रोपांची संख्या, डोळे लावायची तारीख, रोपं द्यायची तारीख आणि एकूण रक्कम. ते पटलं तर बुकिंगची रक्कम पाठवायची, मग वहीत नाव चढतं आणि पावतीचा फोटो तुम्हाला येतो. डोळे ट्रेमध्ये पडले की त्या दिवशी तुमच्या नावाची पाटी लावलेल्या ट्रेचा फोटो पाठवते, पंधराव्या दिवशी पुन्हा एक. मधे कधीही येऊन बघू शकता, आधी फोन करून या म्हणजे बेणेमळ्यातही फिरता येईल.

दर हंगामाला बदलतो, कोकोपीट आणि मजुरीवर. बुकिंग करताना जो ठरला तोच शेवटपर्यंत राहतो, मधे वाढवत नाही. या पूर्वहंगामीसाठी दर तोच आहे, २ रुपये २० पैसे, रोपवाटिकेवर. २६५ चे डोळे यंदा फक्त चाळीस हजार रोपांपुरते आहेत. ते संपले की त्या जातीचं बुकिंग बंद, आणि तसं इथंच लिहीन.